रात्रपाळीसाठी चिठ्ठी
पैसे पाठवताना ॲपमधलं चक्र फिरतच राहतं. पुन्हा प्रयत्न केला की काम होतं. असा लहरी दोष रात्रपाळीकडे सोपवताना ‘रीस्टार्ट केला, फरक नाही’ एवढं लिहून भागत नाही. रीस्टार्टने डेटाबेसची जोडणी नवी होते, दोष काही काळ दडतो आणि पुरावा पुसला जातो. चिठ्ठीत हवं ते हे: अडलेली प्रत्येक विनंती बऱ्याच शांततेनंतरची पहिली होती, मेमरी वाढवून उपयोग झाला नाही, संशय फायरवॉलवर. रिकामी पडलेली जोडणी फायरवॉल गुपचूप विसरते. लिनक्स मात्र, तपासणी चालू असली तरी, मूळ मांडणीत ७२०० सेकंदांनी, म्हणजे दोन तासांनी, जोडणी जिवंत आहे का ते पाहतो. रात्री वर्दळ कमी, म्हणून दोष तेव्हाच सापडण्याची शक्यता जास्त. सापडला, तर रीस्टार्टआधी `ss -tno` चालवून निकाल जपून ठेवा.