दोन्ही निष्कर्ष एकाच वेळी खोटे ठरू शकतात का?

बँकांच्या भरती परीक्षांमध्ये ‘सिलॉजिझम’ नावाचा प्रश्नप्रकार वर्षानुवर्षे विचारला जातो. दोन-तीन विधाने दिलेली असतात, त्याखाली दोन निष्कर्ष असतात आणि कोणता निष्कर्ष निघतो ते सांगायचे असते. फक्त पहिला, फक्त दुसरा, दोन्ही किंवा दोन्हीही नाहीत, हे पर्याय कुणालाही समजतात. पाचवा पर्याय मात्र कोड्यात टाकतो: ‘एकतर पहिला किंवा दुसरा’. दोन्ही निष्कर्ष निघत नसतील, तर ‘दोन्हीही नाहीत’ हेच उत्तर असायला नको का?

एक साधा प्रश्न घेऊ. विधाने अशी: सर्व आंबे फळे आहेत. काही फळे गोड आहेत. निष्कर्ष असे: (१) काही आंबे गोड आहेत. (२) एकही आंबा गोड नाही.

आंबा गोड असतो हे आपल्याला माहीत आहे, म्हणून हात लगेच पहिल्या निष्कर्षाकडे जातो. पण इथे आपली माहिती चालत नाही, विधानांत जे आहे तेवढेच चालते. फळांचे एक मोठे वर्तुळ काढा आणि आंब्यांचे वर्तुळ त्याच्या पोटात घाला. गोड वस्तूंचे वर्तुळ फळांच्या वर्तुळाला कुठेतरी छेदले पाहिजे, पण नेमके कुठे, हे सांगितलेले नाही. ते आंब्यांवर आले तर पहिला निष्कर्ष खरा, आंब्यांना टाळून गेले तर दुसरा. दोन्ही चित्रे विधानांशी जुळतात, म्हणून एकही निष्कर्ष खात्रीने काढता येत नाही.

तरीही ‘दोन्हीही नाहीत’ हे उत्तर इथे चुकते. गोड वस्तूंचे वर्तुळ आंब्यांना एक तर कुठेतरी शिवेल किंवा अजिबात शिवणार नाही, तिसरी शक्यताच नाही. म्हणजे दोहोंपैकी एक निष्कर्ष नक्की खरा आहे, तो कोणता एवढेच कळत नाही. अशा दोन निष्कर्षांना पूरक जोडी म्हणतात आणि उत्तर ‘एकतर पहिला किंवा दुसरा’ असे येते.

जोडी पूरक आहे का, हे ओळखण्यासाठी स्वतःला एकच प्रश्न विचारावा: हे दोन्ही निष्कर्ष एकाच वेळी खोटे ठरतील असे चित्र काढता येते का? काढता आले तर जोडी पूरक नाही. काढताच आले नाही तर ती पूरक आहे. क्लासमध्ये पाठ करून घेतल्या जाणाऱ्या सगळ्या जोड्या या एका कसोटीतूनच निघतात.

कसोटी लावून पाहू. ‘सर्व आंबे गोड आहेत’ आणि ‘काही आंबे गोड नाहीत’: पहिले खोटे पाडायचे तर निदान एक आंबा आंबट हवा आणि तो सापडताच दुसरे खरे होते. जोडी पूरक. आता ‘सर्व आंबे गोड आहेत’ आणि ‘एकही आंबा गोड नाही’ पाहा. ऐकताना ही जोडी सर्वांत जास्त परस्परविरोधी वाटते आणि फसवतेही हीच. पेटीत नऊ आंबे गोड आणि एक आंबट असला की दोन्ही वाक्ये खोटी ठरतात. ‘सर्व’ आणि ‘एकही नाही’ ही दोन टोके आहेत, त्यांच्यामध्ये भरपूर जागा उरते. म्हणून ही जोडी पूरक नाही.

तिसरी जोडी थोडी नाजूक आहे: ‘काही आंबे गोड आहेत’ आणि ‘काही आंबे गोड नाहीत’. ही दोन्ही एकाच वेळी खरी असू शकतात, मग ‘एकतर-किंवा’ कसे? आपली कसोटी दोन्ही खोटी ठरण्याची आहे, दोन्ही खरी ठरण्याची नाही. तर्कशास्त्रात ‘काही’ म्हणजे ‘निदान एक’, त्यात ‘सर्व’ही बसतात. कोणताही एक आंबा उचला, तो गोड निघाला तर पहिले वाक्य खरे, नाही निघाला तर दुसरे. दोन्ही खोटी ठरायची तर जगात आंबाच नसला पाहिजे आणि परीक्षेत प्रत्येक गटात निदान एक वस्तू आहे असे गृहीत धरलेले असते. म्हणून ही जोडीही पूरक मानतात.

जोडी पूरक दिसली की लगेच ‘एकतर-किंवा’वर खूण करणे ही दुसरी नेहमीची चूक. वरच्या प्रश्नात दुसरे विधान ‘सर्व फळे गोड आहेत’ असे केले, तर आंब्यांचे वर्तुळही गोड वस्तूंच्या वर्तुळात जाते. आता पहिला निष्कर्ष खात्रीने निघतो, दुसरा खोटा ठरतो आणि उत्तर ‘फक्त पहिला’ होते. जोडी मात्र तीच आहे. पूरक जोडीतले एक वाक्य कुठलीही विधाने असली तरी खरेच असते. ते कोणते, हे विधाने सांगतात की नाही, एवढेच पाहायचे असते. म्हणून आधी दोन्ही निष्कर्ष स्वतंत्रपणे तपासावेत आणि दोन्ही अनिश्चित राहिले तरच जोडीकडे वळावे.

आता परीक्षेच्या धाटणीचा एक प्रश्न पूर्ण सोडवू. विधाने: सर्व पेन वह्या आहेत. एकही वही टेबल नाही. काही टेबले खुर्च्या आहेत. पेनांचे वर्तुळ वह्यांच्या आत, टेबलांचे वर्तुळ वह्यांपासून पूर्ण वेगळे आणि खुर्च्यांचे वर्तुळ टेबलांना छेदणारे. खुर्च्यांचे वर्तुळ पसरून पेनांपर्यंत पोहोचते की नाही, यावर विधाने गप्प आहेत.

पहिला निष्कर्ष ‘काही पेन खुर्च्या आहेत’ हा ठेवू आणि दुसरा बदलत जाऊ. दुसरा ‘एकही खुर्ची पेन नाही’ असला, तर दोन्ही अनिश्चित आहेत आणि जोडी पूरक आहे. शब्दांचा क्रम उलटा असला तरी बिघडत नाही, कारण ‘एकही खुर्ची पेन नाही’ आणि ‘एकही पेन खुर्ची नाही’ यांचा अर्थ एकच. उत्तर: एकतर पहिला किंवा दुसरा.

दुसरा ‘काही पेन खुर्च्या नाहीत’ असला, तरी तेच उत्तर. खुर्च्यांचे वर्तुळ सगळ्या पेनांना झाकू शकते किंवा सोडूनही देऊ शकते, म्हणून दोन्ही अनिश्चित, आणि ‘काही आहेत, काही नाहीत’ ही जोडी पूरक.

आता दुसरा ‘काही खुर्च्या पेन नाहीत’ असा करू. फक्त जागा बदलली, पण अर्थही बदलला. ज्या खुर्च्या टेबले आहेत, त्या वह्या असू शकत नाहीत आणि म्हणून पेनही असू शकत नाहीत. हा निष्कर्ष स्वतःच्या बळावर निघतो आणि उत्तर ‘फक्त दुसरा’ येते. ‘काही… नाहीत’ हे वाक्य उलटले की वेगळेच विधान होते. त्यामुळे निष्कर्षात ‘काही… नाहीत’ दिसले की कोणता शब्द आधी आला आहे हे बोट ठेवून वाचावे. आधीच्या प्रश्नात याच जागी ‘एकतर-किंवा’ बरोबर आले, या आठवणीवर इथे खूण केली तर उत्तर चुकते आणि बँकांच्या परीक्षांत चुकीच्या उत्तराचा पाव गुणही वजा होतो.