डोळे मिटले म्हणजे झोप लागली का?

मंडळी, शरीरक्रियाशास्त्रात ईईजीच्या लहरी आणि झोपेच्या अवस्था यांच्या जोड्या लावायला सांगतात. मुलं नेमकी कुठे अडखळतात, ते आज आपण पाहू.

समजा, एक माणूस पडल्या पडल्या मनात हिशेब करतोय, डोळे उघडे आहेत. आलेखावर बारीक, भराभर लहरी दिसतात, सेकंदाला १३ हून जास्त. हा बीटा. आता तो डोळे मिटून स्वस्थ पडला. डोक्याच्या मागच्या भागावर सेकंदाला ८ ते १३ लहरी उमटू लागतात. हा अल्फा. याला हमखास ‘पेंग’ असं लिहिलं जातं. पण तो तर जागाच आहे! हाक मारली की डोळे उघडेल आणि अल्फा मावळेल.

गंमत अशी, की पेंग आल्यावरही अल्फा मावळतोच. पण तेव्हा त्याच्या जागी ४ ते ७ च्या संथ थीटा लहरी येतात. म्हणून अल्फा गेला एवढ्यावर थांबायचं नाही. त्याच्या जागी काय आलं, ते बघायचं.

गाढ झोपेत असंख्य चेतापेशी एकाच तालात काम करतात आणि एकदम थांबतात. त्यामुळे लहरी उंच आणि संथ होतात, सेकंदाला ४ हून कमी. हा डेल्टा.

मग साधारण दीड तासाने लहरी पुन्हा बारीक आणि जलद होतात. माणूस जागा झाला का? नाही. हनुवटीचे स्नायू सैल आहेत, मिटल्या पापण्यांआड बुबुळं भराभर फिरताहेत. ही रेम झोप. नुसत्या ईईजीवरून ती ओळखणं अवघड, म्हणूनच डोळे आणि हनुवटी यांचेही आलेख सोबत घेतात.