बिलातून कापलेले बँक चार्जेस

रिसोडचा व्यापारी सांगलीला हळद पाठवतो. समजा, जीएसटीसह बिल 3,15,000 रुपयांचे आहे आणि खात्यात 3,14,971.09 रुपये जमा होतात. कमी आलेले 28.91 रुपये म्हणजे आरटीजीएसचे 24.50 आणि त्यावरचा 18 टक्के जीएसटी 4.41. दोन ते पाच लाखांच्या आरटीजीएसला बँक एवढेच कमाल शुल्क घेऊ शकते. हे शुल्क पैसे पाठवणाऱ्याने द्यायचे असते; घेणाऱ्याला आरटीजीएस मोफत असते. म्हणजे हक्काने पाहिले तर कपात चुकीचीच.

रक्कम मागायची असेल, तर ग्राहकाच्या खात्यात 28.91 बाकी ठेवून पुढच्या बिलासोबत उतारा पाठवावा. सोडायची असेल, तर पावती 3,14,971.09 वर न थांबवता त्याच नोंदीत 28.91 'कसर-वटाव' खर्चाला टाकावेत. ग्राहकाच्या नावे पूर्ण 3,15,000 जमा झाले की बिल मिटते.

इथे सर्रास होणारी चूक म्हणजे फरकापुरती जीएसटीची क्रेडिट नोट काढणे. मालाची किंमत कमी झालेली नसते, त्यामुळे कर पूर्ण बिलावरच भरावा लागतो. त्या 4.41 रुपयांचे क्रेडिटही विक्रेत्याला मिळत नाही, कारण बँकेचे बिल ग्राहकाच्या नावावर असते.

फरक 300 रुपयांच्या आसपास असेल, तर आधी फॉर्म 26एएस पाहावा. तो बहुधा करपूर्व किमतीवरचा 0.1 टक्का टीडीएस असतो. तो खर्चात टाकला, तर परत मिळणारा कर हातचा जातो.