पन्नास पानांचा मसालेभात आणि निम्म्या मिठाचा सल्ला

घरी पन्नास माणसांचं जेवण करायचं ठरलं की कुणीतरी वडीलधारं माणूस ओट्याशी येऊन बजावतंच, "मीठ हिशोबाने घालू नकोस गं, मोठ्या भांड्यात निम्मंच लागतं." सांगणाऱ्याच्या गाठीशी अनुभव असतो, म्हणून ऐकणारी तसं करते. मग पंगत बसली की प्रत्येक पानात मीठ वाढावं लागतं आणि भात कोरडाच कालवून खावा लागतो. हा सल्ला इतक्या ठिकाणी, इतक्या खात्रीने दिला जातो की त्याचा एकदा नीट हिशोब मांडायलाच हवा.

मीठ वाफेबरोबर उडून जात नाही आणि भांडं मोठं झालं म्हणून त्याचा खारटपणा वाढतही नाही. जिभेला कळतं ते एकच, घासात मिठाचं प्रमाण किती आहे. किलोभर तयार मसालेभाताला साधारण 10 ग्रॅम मीठ लागत असेल, तर 11 किलो भाताला 110 ग्रॅम लागणार. मग 'निम्मं' आलं कुठून? अनुभवातूनच आलं, पण त्या अनुभवाचा अर्थ चुकीचा लावला गेला.

चौघांचा घरचा मसालेभात घेऊ. तांदूळ 300 ग्रॅम, तोंडली-वांगी-मटार मिळून 200 ग्रॅम, पाणी पाऊण लिटर, तेल चार मोठे चमचे, शिवाय मसाला आणि खोबरं. शिजताना पाव लिटर पाणी वाफ होऊन जातं आणि खाली उतरतो तो सुमारे 1100 ग्रॅम भात. त्यात चहाच्या चमच्याने दोन सपाट चमचे मीठ, म्हणजे 11-12 ग्रॅम, बरोबर होतं.

आता पन्नास माणसं. पन्नास भागिले चार म्हणजे साडेबारा, म्हणून मीठही साडेबारापट, ही पहिली चूक. घरी रात्री मसालेभात केला की ताटात भात आणि ताक एवढंच असतं, म्हणून माणशी 75 ग्रॅम तांदूळ लागतो. शाळेच्या पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलाला 100 ग्रॅम धान्य धरतात, कारण तिथे तेच पूर्ण जेवण असतं. पंगतीत पुऱ्या असतात, भाजी, कोशिंबीर, भजी, गोड असतं. तिथे माणशी 60 ग्रॅम तांदूळ पुरतो. पन्नास माणसांना 3 किलो. म्हणजे घरच्या मापाच्या दहापट, साडेबारापट नव्हे. गुणाकार माणसांचा करायचा नसतो, तयार होणाऱ्या पदार्थाच्या वजनाचा करायचा असतो. तयार भात 11 किलो, म्हणून मीठ 110 ग्रॅम.

दुसरी चूक चमच्याची. घरी दोन चमचे घालताना हात आपोआप चमचा सपाट करतो. पंचवीस चमचे मोजायचे म्हटले की घाई होते आणि चमचा शीग लावून भरला जातो. सपाट चमच्यात 6 ग्रॅमच्या आसपास मीठ मावतं, शिगेच्या चमच्यात सहज 9. साडेबारापटीच्या हिशोबाने असे पंचवीस चमचे घातले तर मीठ होतं 225 ग्रॅम. भात खारट, तोंडात धरवणार नाही. पुढच्या वेळी तीच बाई निम्मं घालते, म्हणजे 112 ग्रॅम, आणि भात उत्तम होतो! सल्ला खरा ठरला असं सगळ्यांना वाटतं. प्रत्यक्षात दोन चुकांनी फुगलेल्या आकड्याचं निम्मं केलं, ते योगायोगाने बरोबर आलं. हाच सल्ला वजनकाटा वापरणाऱ्या सुनेला दिला की ती 110 च्या जागी 55 ग्रॅम घालते आणि भात अळणी होतो. चूक मात्र तिच्या माथी मारली जाते.

तेव्हा मीठ तोलून घ्या. 100 ग्रॅम आधी घाला, उरलेलं 10 ग्रॅम शेवटी चव पाहून. हातचं राखायचं ते एवढंच, निम्मं नव्हे. भातात नंतर कोरडं मीठ भुरभुरू नका, ते वरच्या थरातच राहतं. अर्धी वाटी उकळत्या पाण्यात विरघळवून कडेने सोडा आणि झाऱ्याने खालून वर हलक्या हाताने उलटा.

तांदळावर ओतण्याआधी पाण्याची चव जरूर बघावी, पण काय लागायला हवं ते ठाऊक असलं पाहिजे. 100 ग्रॅम मीठ त्या वेळी सहा लिटर पाण्यात असतं, तांदळात आणि भाजीत अजून मुरलेलं नसतं. म्हणून पाणी स्पष्ट खारट लागणारच, आणि तसंच लागलं पाहिजे. अनेकजणी इथे घाबरून तांब्याभर पाणी वाढवतात आणि एका क्षणात भात अळणीही करतात, आसटही.

दहापट भाताला पाणी सहाच लिटर का, साडेसात का नाही? कारण पाण्याचे दोन भाग असतात. एक तांदूळ आणि भाजी पितात, दुसरा वाफ होऊन जातो. पहिला वजनाबरोबर वाढतो, दुसरा तसा वाढत नाही. अमेरिकेतल्या 'अमेरिकाज टेस्ट किचन'ने वेगवेगळे तांदूळ समान मापाच्या पाण्याबरोबर पिशवीत हवाबंद करून शिजवले. वाफ बाहेर जाऊ शकत नव्हती, तेव्हा सगळे तांदूळ तेवढ्याच पाण्यात शिजले. बाकीचं पाणी आपण वाफेसाठी घालत असतो. आपल्याला मसालेभात जरा मऊ लागतो आणि तांदूळ जुना असेल तर पाणी आणखी पितो, म्हणून थोडं जास्त धरायचं. घरचं पातेलं तोंडाशी 20 सेंटिमीटर असेल आणि पंगतीचा टोप 45, तर टोपाचं तोंड पाचपट होतं, भात मात्र दहापट. आच आणि झाकणावर थोडंफार अवलंबून असलं तरी पाव लिटरच्या जागी अडीच लिटर वाफ काही जात नाही, लिटरभर जाते. पाच लिटर पिण्याचं आणि एक वाफेचं, झाले सहा. अर्धा लिटर उकळतं पाणी शेजारी तयार ठेवा. साडेसात लिटर ओतलं तर दीड लिटर पाणी भातात जिरतं आणि शितं फुटतात. रस्सा पातळ होतो तोही याच कारणाने.

तोंड पाचपट आणि भात दहापट, याचा अर्थ टोपात भाताचा थर घरच्यापेक्षा दुप्पट उंच आहे. खालचा भात गिच्च आणि वरचा कच्चा निघतो त्याचं मूळ इथे आहे. त्यावर उपाय आच वाढवण्याचा नाही, उलट पाणी आटत आलं की ती अगदी मंद करायची, खाली जाड तवा सरकवायचा आणि झाकणावर निखारे किंवा उकळत्या पाण्याचं पातेलं ठेवायचं.

वेळेबद्दल दोन टोकांचे गैरसमज ऐकू येतात. दहापट भात म्हणजे तीन तास, हे एक. आच मोठी आहे, घरच्याएवढाच वेळ लागेल, हे दुसरं. तांदळाचा दाणा आणि तोंडल्याची फोड पन्नास माणसं येणार म्हणून मोठी झालेली नसते. पाणी उकळल्यावर दाणा शिजायला घरच्यासारखीच पंधरा-वीस मिनिटं लागतात. वाढतो तो उकळी येण्याचा वेळ. घरच्या शेगडीवर सहा लिटर थंड पाण्याला उकळी यायला वीसेक मिनिटं जातात. परतलेल्या तांदळावर थंड पाणी ओतलं तर तेवढा वेळ दाणा कोमट पाण्यात भिजत पडतो आणि बाहेरून गळतो. म्हणून आधण दुसऱ्या शेगडीवर उकळूनच घ्यायचं. उतरवण्याची वेळही बदलते. घरचं पातेलं गॅस बंद केल्यावर लवकर निवतं, 11 किलोचा टोप बराच वेळ आतून शिजत राहतो. दाणा बोटांत दाबल्यावर मध्ये बारीकशी कणी लागते, तेव्हाच आच बंद करून वीस मिनिटं झाकून ठेवा. कणी आतल्या वाफेवर जाते.

तिखट-मसाल्याच्या बाबतीत 'कमी घाला' या सल्ल्यात थोडं तथ्य आहे, पण सगळ्या मसाल्याला तो लावणं चूक. लवंग, दालचिनी, तमालपत्र हे खडे मसाले गरम टोपात जास्त वेळ राहतात, त्यांचा अर्क जास्त उतरतो. ते सहा-सातपटच घ्यावेत. गोडा मसाला आठपट घालून चव बघावी, कमी वाटला तर शेवटी खोबरं-कोथिंबिरीबरोबर थोडा पेरता येतो. लाल तिखटाचा जाळ मिठासारखाच, वजनाबरोबर वाढतो. ते बिघडतं वेगळ्याच कारणाने. घरचा डबा पुरत नाही म्हणून बाजारातून नवीन पुडा येतो आणि मिरचीची जात बदलते. बेडगीची सवय असलेल्या हाताने गुंटूर मिरचीचं तिखट त्याच मापाने घातलं, तर दोष गुणाकाराचा नसतो. नव्या पुड्यातल्या तिखटाने आदल्या दिवशी चौघांचा भात करून पाहा, पंगतीचं माप त्यावरून ठरवा.

फोडणीचं तेल भांड्याचा तळ भिजवण्यापुरतं लागतं, शिवाय थोडं भाताच्या मोकळेपणासाठी. सहा-सातपट पुरे. मोठ्या टोपातलं तेल तापायला वेळ घेतं आणि गॅस बंद केला तरी तापलेलंच राहतं. हळद-तिखट मोहरीपाठोपाठ टाकलं तर हलवेपर्यंत करपतं आणि अख्खा भात कडवट होतो. आधी भाजी टाकून तेल शांत करा, मग तिखट.

बाकीचे समज थोडक्यात. खारट रश्शात बटाटा टाकला की तो मीठ शोषतो, हे खोटं. पिट्सबर्ग विद्यापीठातले रसायनशास्त्राचे प्राध्यापक रॉबर्ट वोल्के यांनी खाऱ्या पाण्यात बटाटा उकळून आधी-नंतर मोजमाप केलं, खारटपणा उतरला नव्हता. बटाटा खारं पाणी पितो, त्यातलं मीठ तेवढं वेचून घेत नाही. रस्सा वाढवणं हाच इलाज. कुकर मोठा म्हणून शिट्ट्या दुप्पट, हेही नाही. पहिली शिट्टी उशिरा होते, त्यानंतरचा वेळ घरच्यासारखाच.

आणि सकाळी भात करून ठेवला, दुपारी गरम केला की झालं, हा समज सगळ्यांत घातक. तांदळात बॅसिलस सेरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असतात आणि ते शिजवूनही जिवंत राहतात. मोठा टोप फार सावकाश निवतो, आतला भात कित्येक तास कोमट राहतो आणि त्यात जिवाणू वाढतात. त्यांनी तयार केलेलं, उलट्या घडवणारं विष पुन्हा गरम केल्याने नाहीसं होत नाही. शिजवलेलं अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये आणि वाढेपर्यंत 60 अंश सेल्सियसच्या वर गरम राखावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. भात पंगतीच्या तासभर आधी उतरेल असाच चढवा. उरलाच तर टोपात झाकून न ठेवता परातींत पातळ पसरून निववा आणि लगेच फ्रिजमध्ये टाका.