रुंद नळात पाणी काय गमावतं?

अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत एक साधा आडवा नळ असतो. आधी अरुंद, मग मध्येच एकदम रुंद. त्याच्या अंगावर ठिकठिकाणी काचेच्या उभ्या नळ्या बसवलेल्या असतात, आणि त्या त्या जागी दाब किती आहे ते नळीत चढलेल्या पाण्याच्या उंचीवरून कळतं. पाणी सोडलं की पहिल्यांदा बघणारा चक्रावतो. रुंद भागातल्या, जरा पुढच्या नळ्यांमध्ये पाणी अरुंद भागापेक्षा उंच चढलेलं असतं. म्हणजे पाणी कमी दाबाकडून जास्त दाबाकडे चाललंय! शिक्षक मात्र सांगतात, की इथे ऊर्जा वाया जाते आहे.

दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. रुंद नळात पाण्याचा वेग कमी होतो. त्या वेगात साठलेली ऊर्जा परत दाबाच्या रूपात मिळायला हवी. ती मिळते, पण पूर्ण मिळत नाही. जी मिळत नाही ती किती, हाच प्रश्न.

आकडे घेऊ. १०० मिलिमीटर व्यासाच्या नळातून पाणी सेकंदाला ३ मीटर वेगाने येतंय आणि पुढे नळ एकदम २०० मिलिमीटरचा होतो. व्यास दुप्पट म्हणजे क्षेत्रफळ चौपट, त्यामुळे वेग उतरून ०.७५ मीटरवर येतो. पंपवाले ऊर्जा ‘हेड’मध्ये, म्हणजे पाण्याच्या उंचीत मोजतात. त्या हिशेबात आधीच्या वेगाची किंमत ४६ सेंटिमीटर होती, नंतरच्या वेगाची जेमतेम ३. म्हणजे ४३ सेंटिमीटर दाब वाढायला हवा होता.

तेवढा वाढत नाही, हे प्रयोगात दिसतं. पण नेमका किती वाढतो हे ऊर्जेच्या हिशेबातून काढता येत नाही. त्या एका समीकरणात दोन अज्ञातं असतात: पुढचा दाब आणि झालेलं नुकसान. शिवाय नुकसान होतं कुठे, तर अरुंद नळातून धारेसारखं घुसणारं पाणी आणि कोपऱ्यात गरगरणारे भोवरे यांच्या घुसळणीत. तो गोंधळ मोजायचा कसा?

युक्ती अशी, की तो मोजायचाच नाही. ऊर्जेऐवजी संवेगाचा हिशेब मांडायचा. संवेग म्हणजे वस्तुमान गुणिले वेग, आणि तो बदलतो फक्त बाहेरून लावलेल्या बलाने. आत पाण्याचे थर एकमेकांना कितीही ढकलोत, ती ढकलाढकली आपापसात फिटते. रुंदावण्याच्या तोंडापासून, भोवरे शमून प्रवाह शांत होतो तिथपर्यंतचं पाणी एक तुकडा म्हणून डोळ्यांसमोर आणा. मागून त्याला p1 दाब ढकलतो, पुढून p2 दाब अडवतो. नळाच्या भिंतीचं घर्षण एवढ्या छोट्या लांबीत सोडून देता येतं.

राहिली एकच अडचण. जिथे नळ रुंद होतो तिथे अरुंद तोंडाभोवती कड्यासारखी उभी भिंत असते. ती पाण्याला किती दाबाने ढकलते? इथे एक गृहीत धरावं लागतं: कड्यावरचा दाबही p1 एवढाच. हे हवेतलं नाही. तोंडातून बाहेर पडणारी धार सुरुवातीला सरळच जाते, तिचे थर वळत नाहीत, आणि वळण नसेल तर आडव्या दिशेने दाब फारसा बदलत नाही. कोपऱ्यातलं पाणीही संथ असतं. प्रयोगांत हे गृहीतक प्रक्षुब्ध प्रवाहासाठी चांगलं टिकतं. अगदी मंद, तेलासारख्या दाट प्रवाहात मात्र त्यावर विसंबू नये.

मग दोन्ही बाजूंचं बल रुंद नळाच्या पूर्ण क्षेत्रफळावर लागतं, आणि दाबातली वाढ थेट मिळते: ०.७५ गुणिले २.२५ भागिले ९.८१, म्हणजे सुमारे १७ सेंटिमीटर. हवे होते ४३, मिळाले १७. उरलेले २६ सेंटिमीटर भोवऱ्यांनी खाल्ले, आणि त्यांचं रूपांतर पाण्याच्या नगण्य उष्णतेत झालं. सगळं सोडवलं की नुकसान एका ओळीत बसतं:

h = (V1 − V2)² / 2g

फ्रेंच नौदल अधिकारी आणि गणितज्ञ जाँ-शार्ल द बोर्दा याने १७६६ साली या नुकसानाचा विचार टक्करीसारखा केला होता. वेगवान पाणी पुढच्या संथ पाण्यावर आदळतं आणि दोघं एकत्र पुढे सरकतात. रेल्वेचा धावता डबा संथ डब्याला धडकून जोडला जावा तसं. टक्करींतल्या ऊर्जेच्या नुकसानाचा अभ्यास लाझार कार्नोने पुढे नेला, म्हणून सूत्राला दोघांचं नाव लागलं.

सूत्रातला वर्ग नीट बघण्यासारखा आहे. नुकसान वेगांच्या फरकाच्या वर्गावर चालतं, म्हणजे फरक तुकड्यांत वाटला तर ते घटतं. तोच नळ १०० वरून आधी १५० आणि मग २०० केला, मध्ये धार स्थिरावण्यापुरती जागा ठेवली, तर नुकसान १४ आणि २ मिळून १६ सेंटिमीटर होतं. एका पायरीने दहा सेंटिमीटर वाचले! पायऱ्या वाढवत गेलं तर कागदावर नुकसान शून्याकडे जातं. हळूहळू रुंदावणारा शंकू म्हणजे असंख्य बारीक पायऱ्याच.

प्रत्यक्षात शून्य कधी येत नाही. शंकू फार निमुळता केला तर तो लांबलचक होतो आणि भिंतीचं घर्षण वाढतं. फार पसरट केला तर वाढत्या दाबाविरुद्ध जाणारा भिंतीलगतचा संथ थर दमतो, उलटा फिरतो, आणि प्रवाह भिंत सोडतो. मग भोवरे परत आले. असं झालं की दाबमापकाचा काटा स्थिर राहत नाही, कधी नळ घुमतोही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ए. एच. गिब्सन या इंग्रज अभियंत्याने वेगवेगळ्या शंकूंवर मोजमाप केलं. समोरासमोरच्या भिंतींमधला कोन ६ ते ७ अंश असताना नुकसान सर्वांत कमी, एकदम रुंदावण्याच्या साधारण सातव्या हिश्शाएवढं. ६० अंशांच्या आसपास मात्र ते एकदम रुंदावण्यापेक्षाही जास्त. म्हणजे तिथे शंकू बसवण्यापेक्षा सरळ पायरी बरी!

आपल्या नळासाठी ७ अंशांचा शंकू सुमारे ८० सेंटिमीटर लांब होतो आणि नुकसान २६ वरून ४ सेंटिमीटरच्या खाली येतं. बाजारात याच मापाचा पोलादी तयार रिड्यूसर मिळतो तो जेमतेम १५ सेंटिमीटर लांब. त्याचा कोन ४० अंशांच्या जवळ जातो. दिसायला उतरता, पण हिशेबाने त्याचं नुकसान २२ सेंटिमीटरच्या आसपास राहतं, म्हणजे पायरीहून फारसं वेगळं नाही.

पंपाच्या तोंडाशी असा जोड असेल आणि पंप रोज २० तास चालत असेल, तर सेकंदाला साडेतेवीस लिटर पाण्यावर हे २२ सेंटिमीटर म्हणजे सुमारे ५० वॅट. पंप आणि मोटर मिळून ६० टक्के कार्यक्षम धरले, तर विजेचे रोज दीड युनिटच्या वर. पत्रा वाकवून लांब शंकू करून घेतला तर वर्षाला पाचशेहून जास्त युनिटं वाचतात. नळात वेग सेकंदाला १ मीटरच असेल तर हेच नुकसान नऊपट कमी, आणि मग तयार रिड्यूसर खुशाल लावावा.