विषाच्या डब्यावरचा त्रिकोण

नांदगाव खंडेश्वरच्या कोणत्याही कृषी केंद्रात कीटकनाशकाची शिशी हातात घेतली की टोकावर उभा केलेला एक चौकोन दिसतो. कीटकनाशक नियम, १९७१ प्रमाणे त्याचे दोन त्रिकोण पडतात. खालच्या त्रिकोणाचा रंग विषाची तीव्रता सांगतो. लाल म्हणजे अतितीव्र, मग उतरत्या क्रमाने पिवळा, निळा आणि हिरवा. म्हणजे या खुणेची दोन टोकं लाल-हिरव्या फरकावर उभी आहेत, आणि रंगांधत्वाच्या सर्वांत सामान्य प्रकारात नेमका तोच फरक पुसट होतो.

किती पुसट, हे संगणकावर तपासता येतं. माचादो, ओलिव्हेरा आणि फर्नांडिस यांनी २००९ मध्ये मांडलेल्या पद्धतीत प्रत्येक ठिपक्याच्या लाल, हिरव्या, निळ्या मूल्यांना नऊ आकड्यांच्या कोष्टकाने गुणतात. मात्र आधी पडद्यासाठी साठवलेली मूल्यं प्रकाशाच्या खऱ्या प्रमाणात आणावी लागतात. ही पायरी गाळली तर चित्र दिसतं खऱ्यासारखं, पण उजेड-अंधाराचा हिशेब चुकतो.

शुद्ध लाल (२५५, ०, ०) आणि गडद हिरवा (०, १२८, ०) घेऊ. हिरव्याला संवेदनशील शंकूपेशी नसलेल्या डोळ्यासाठी ते साधारण (१६३, १४४, ०) आणि (११९, १०६, २४) होतात: दोन्ही मातकट शेवाळी, लाल थोडा उजळ. लालाला संवेदनशील शंकूपेशी नसतील तर (१०९, ९५, ०) आणि (१३१, ११४, ०) येतात. आता लालच अधिक काळा! त्यामुळे ‘गडद तो कमी विषारी’ अशी मनाशी बांधलेली खूणही सगळ्यांना चालत नाही. हिरवा भडक छापला, तर पहिल्या प्रकारात तो पिवळ्याकडे झुकतो, म्हणजे शेजारची नव्हे, दोन पायऱ्या वरची श्रेणी भासते.

वरच्या त्रिकोणात कवटी आणि शब्द असतातच की, असा आक्षेप येईल. तो निम्मा खरा आहे. कवटी फक्त लाल श्रेणीला आहे, त्यामुळे तिथे आकार रंगाला सावरतो. बाकी तिन्हींत भेद शब्दांवर येतो, आणि छोट्या शिशीवर ते शब्द किती बारीक असतात हे पाहिलंच पाहिजे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: बहुतेकांची उणीव सौम्य असते आणि हे आकडे टोकाचे आहेत. मान्य. पण टोकाला टिकणारी खूण सौम्य उणिवेतही टिकते. उलट, पडद्यावर फरक दिसला म्हणून निर्धास्त होऊ नये. उन्हात विटलेलं, औषधाचे ओघळ आलेलं लेबल या हिशेबात नसतं.

२०१७ मध्ये शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक जण दगावले. त्याचा रंगांधत्वाशी संबंध जोडण्याला कसलाही आधार नाही. तरी रंगीत त्रिकोणातच ठळक मराठी शब्द किंवा श्रेणीचा आकडा छापणं सहज शक्य आहे, आणि लेबल मंजूर करणाऱ्यांनी ते मागावं.