मूर्ती जुनी आहे, पण कागद कुठे आहेत?

जळगावात सोन्याची अंगठी घेणारा माणूस पावती आणि हॉलमार्क बघितल्याशिवाय पैसे मोजत नाही. त्याच माणसाला कुणी पितळी-कांस्य मूर्ती दाखवून ‘पाचशे वर्षांची, जुन्या घराण्यातली’ असं सांगितलं, तर तो मूर्तीच्या चेहऱ्याकडे बघत राहतो आणि कागद मागायला संकोचतो. विक्रेत्याला वाईट वाटेल, अशी भीती असते. खरं तर परवाना असलेल्या विक्रेत्याला कागद मागणारं पत्र नवं नसतं. पुरातन वस्तू विकण्याचा व्यवसाय करायला परवाना लागतो आणि विक्रेत्याला वस्तूंच्या नोंदी ठेवाव्याच लागतात. हे बंधन १९७२च्या पुरावस्तू व कलानिधी कायद्याने घातलं असून तो ५ एप्रिल १९७६पासून अमलात आला.

समजा, धुळ्याच्या एका संग्राहकाला मुंबईतल्या विक्रेत्याकडून एक जैन ‘चौविशी’ घ्यायची आहे. मधे मूलनायक, भोवती उरलेले तेवीस तीर्थंकर. विक्रेत्याने लिहिलं आहे: ‘खानदेशातली, सुमारे पंधरावं शतक.’ दावा अशक्य नाही. चोपडा तालुक्यातल्या चहार्डीची, साधारण नवव्या शतकातली मानली जाणारी ऋषभनाथांची कांस्यमूर्ती मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. पण अशक्य नसणं वेगळं आणि सिद्ध होणं वेगळं. म्हणून पत्र जातं.

‘सप्रेम नमस्कार. आपल्याकडील चौविशीबद्दल पुढील माहिती कळवावी. १) पुरावस्तू नोंदणी प्रमाणपत्राची आणि त्यावरील छायाचित्राची प्रत. २) आपल्याकडे येण्यापूर्वी मूर्ती कोणाकडे, कोणत्या गावी, केव्हापासून होती आणि त्याला आधार काय. ३) पाठीमागील लेखाचा तिरक्या उजेडात काढलेला फोटो. ४) उंची, वजन आणि तळाचा फोटो. ५) कुठे डाग दिला आहे, हात किंवा प्रभावळ बदलली आहे, पॉलिश केलं आहे का. ६) आपल्या परवान्याचा क्रमांक.’

पत्र एवढंच. पण त्यातल्या प्रत्येक ओळीमागे एकेक गैरसमज आहे.

सर्वांत पसरलेला समज असा, की विक्रीची पावती असली की झालं. पावतीवरून एवढंच कळतं की अमुक दिवशी पैसे दिले. मूर्ती त्याआधी कोणाच्या ताब्यात होती, याविषयी ती मुकी असते. नोंदणी प्रमाणपत्रही मालकीचा अंतिम निवाडा नव्हे, पण त्यात वर्णन आणि छायाचित्र असतं. ते समोरच्या मूर्तीशी जुळवता येतं. कायद्याने पुरावस्तू म्हणजे साधारणपणे शंभर वर्षांहून जुनी वस्तू. धातूची मूर्ती देव्हाऱ्यातली, वडिलोपार्जित असली, तरी ती नोंदणीच्या कक्षेत येते. ‘घरचाच देव, त्याला कशाला कागद?’ हे बरोबर नाही.

दुसरा समज जास्त घातक: विक्रेत्याने इतिहास लिहून दिला, त्यावर सही आहे, म्हणजे पुरावा मिळाला. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनाने २००८ साली सुमारे ५० लाख अमेरिकी डॉलर देऊन चोळकालीन नटराज घेतला. विक्रेता न्यूयॉर्कचा सुभाष कपूर. सोबतच्या कागदांनुसार मूर्ती १९७२च्या कायद्याआधीच भारताबाहेर गेली होती. कागद नीटनेटके होते. पण पुद्दुचेरीच्या फ्रेंच संस्थेकडे तमिळनाडूतल्या श्रीपुरंदान गावच्या मंदिराची १९९४ची छायाचित्रं होती आणि त्यांत हाच नटराज दिसत होता. कागद खोटे निघाले. २०१४मध्ये मूर्ती भारतात परतली, तर कपूरला २०२२मध्ये कुंभकोणमच्या न्यायालयाने दोषी ठरवलं.

यावरून पत्रातल्या दुसऱ्या प्रश्नाचा रोख समजतो. मागायची असते ती साखळी, आणि प्रत्येक कडीला विक्रेत्याच्या शब्दाबाहेरचा आधार: जुना फोटो, वाटणीपत्र, लिलावाची छापील यादी, प्रदर्शनाची नोंद. ‘जुन्या घराण्याकडून’ हे उत्तर कडी धरतच नाही. घराण्याचं गाव सांगितलं जात नसेल, तर कुठल्या मंदिरातून काही गेलं आहे का, हे तपासायला वावच उरत नाही.

तिसरा समज म्हणजे हिरवा रंग दिसला की मूर्ती जुनी. तांब्याच्या मिश्रधातूवर शतकांत चढलेला थर सहसा घट्ट चिकटलेला असतो. आत तांबूस, वर हिरवा. रसायनं वापरून असा थर काही दिवसांतही आणता येतो. तो बऱ्याचदा एकसारखा पसरलेला असतो, कोपऱ्यांत उगीच दाट बसतो आणि काही वेळा ॲसिटोनच्या बोळ्याला उतरतो. ॲसिटोन मात्र विक्रेत्याच्या परवानगीशिवाय लावायचं नाही.

हिरव्यातच एक रोगट हिरवाही असतो. फिकट, भुकटीसारखा, पुसला तरी पुन्हा येणारा. याला ‘ब्राँझ डिसीज’ म्हणतात. धातूत अडकलेलं क्लोराइड ओलाव्याशी प्रक्रिया करतं आणि मूर्ती आतून पोखरली जाते. आपल्याकडे पितळेची भांडी लिंबू-मिठाने लखलखीत करण्याची सवय असते. हाच प्रयोग मूर्तीवर केला, तर क्लोराइड बाहेरून आणून दिलं जातं आणि अक्षरांच्या कडाही बोथट होतात. जळगावच्या पावसाळ्यात काचेच्या कपाटातही दमट हवा असतेच, म्हणून पाचवा प्रश्न टाळता येत नाही.

आता लेख. पश्चिम भारतातल्या जैन धातुमूर्तींच्या पाठीवर बऱ्याचदा नागरीत संवत, तिथी, वार आणि दात्याचं नाव कोरलेलं असतं. समजा, आपल्या चौविशीवर ‘संवत १५२३’ आहे. विक्रम संवतातून ५७ वजा केले की १४६६ येतं, महिन्यानुसार एका वर्षाचा फरक. म्हणजे ‘पंधरावं शतक’ जुळतं. पण काम इथे संपत नाही. तिथी आणि वार खरंच एकत्र येत होते का, हे पंचांगाच्या कोष्टकांवरून काढता येतं. बनावट कोरणारा बऱ्याचदा इथेच चुकतो. तिरक्या उजेडातला फोटो यासाठी की नव्या कोरणीच्या कडा धारदार दिसतात आणि आतला धातू ताजा चकाकतो. अर्थात जुन्या मूर्तीवर नवा लेखही कोरलेला असू शकतो. त्यामुळे लेख खरा की खोटा आणि मूर्ती खरी की खोटी, हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

प्रयोगशाळेत धातूचं वय निघतं, हाही भ्रमच. क्ष-किरण प्रतिदीप्ती चाचणी तांबं, जस्त, शिसं यांचं प्रमाण सांगते, तेही पृष्ठभागाचं. वय सांगत नाही. पोकळ मूर्तीत भाजलेल्या मातीचा गाभा उरला असेल, तर त्या मातीची चाचणी होऊ शकते. भरीव मूर्तीत तेही नाही. मूळ ठिकाण हरवलं की तज्ज्ञही अडतात. १९७४ साली दायमाबादला गावकऱ्यांना सापडलेला बैलांचा रथ आणि सोबतचे प्राणी आजही वादात आहेत. शास्त्रीय उत्खननात न सापडल्याने त्यांचा काळ थरावरून ठरवता आला नाही.

समजा, धुळ्याच्या पत्राला सहापैकी पाच उत्तरं आली आणि दुसऱ्या प्रश्नाला फक्त ‘आठवत नाही’ एवढंच आलं. मग पैसे थांबवावेत आणि नोंदणी प्रमाणपत्रावरचा फोटो चोरीला गेलेल्या मूर्तींच्या जाहीर छायाचित्रांशी ताडून बघावा. व्यवहार झालाच, तर मालकी बदलल्याचं नोंदणी अधिकाऱ्याला कळवणं ही विक्रेत्याची जबाबदारी असते. त्या पत्राची पोच घेणाऱ्याने मागून ठेवावी. पुढे मुलाने ही मूर्ती अमेरिकेतल्या घरी न्यायचं ठरवलं, तर मात्र कोणताही कागद उपयोगाचा नाही. खासगी व्यक्तीला पुरावस्तू देशाबाहेर नेता येत नाही.